माळीकाकांच्या चित्राची चौकट: सोसायटी ग्रुप, बुधवार रात्र

मेधाताई (सी-१०२): हा फोटो सगळ्यांनी मोठा करून बघा. आज नंदिनीच्या चित्राची, आदित्यनं सोनेरी नक्षी घातलेली नमुना प्रिंट आणली आणि घरातल्याच एका फ्रेममध्ये घालून पाहिली. डावीकडची सोनेरी रेघ फ्रेमखाली गेली, उजवीकडची दिसतेय. आणि माळीकाकांच्या हातातली झारी अर्धी नक्षीखाली! ज्या झारीसाठी हे चित्र काढलं तीच नाही. रविवारी हे देणार आहोत का त्यांना?

आदित्य (बी-४०१): ताई, रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो त्यावर. ग्रुपवर टाकलं तेव्हा सगळ्यांनी अंगठे दिले होते. तुम्हीसुद्धा.

मेधाताई: मोबाइलवर एवढंसं दिसतं रे. कागदावर आल्यावर कळलं.

शरदकाका (ए-१०१): सोनेरी नक्षी पाहिजेच. भेट आहे, भेटीसारखी दिसली पाहिजे.

सुलभाकाकू (बी-१०३): पंपाच्या खोलीसमोर निळी स्कूटर कुणाची आहे? तिसऱ्यांदा विचारतेय.

विलासराव, सचिव: सर्व सभासदांनी कृपया एका वेळी एकाच विषयावर लिहावे. नंदिनी, चित्र तुझे आहे. तुझे मत कळव.

नंदिनी (ए-३०४): विलासकाका, मत मी परवाच लिहिलं होतं, ते पंपाच्या चर्चेत वर गेलं. पुन्हा लिहिते. आदित्यची मेहनत खरी आहे, पण ती तयार नक्षी त्यानं चित्राच्या वर ठेवली. कागद तेवढाच आणि चित्रही तेवढंच, मग नक्षी जागा घेणार ती चित्राचीच. झारी खालच्या कडेशी आहे, म्हणून ती पहिली गेली. चौकट चित्राबाहेर यायला हवी, आणि त्यासाठी आधी कागदावर रिकामी जागा करावी लागते.

आदित्य: मग चित्र लहान होईल ना?

नंदिनी: होईल, आणि होऊ दे. हिशोब असा. माझं चित्र चारास पाच या प्रमाणात आहे, आपला कागद ए-फोर, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटीमीटर. तो जास्त उभट आहे, त्यामुळे चारही बाजूंना सारखी पट्टी बसणारच नाही. चित्र १६ बाय २० सेंटीमीटर ठेवलं तर डावीकडे, उजवीकडे आणि वर अडीच-अडीच सेंटीमीटर जागा राहते, खाली ७.२. खालच्या जागेत नाव आणि आपला मजकूर. खालची बाजू जड असली की चित्र खाली घसरल्यासारखंही वाटत नाही.

मेधाताई: हे पटलं. मजकूर चित्राच्या आभाळावर टाकायचा होता ना कुणाला तरी? बरं झालं वाचलं.

शरदकाका: मजकूर ठीक. सोनेरीचं काय ठरलं?

सुलभाकाकू: आणि स्कूटरचं?

प्रशांत (सी-३०२): काकू, स्कूटर माझ्या पाहुण्यांची आहे, दहा मिनिटांत काढतो. मागच्या महिन्यात तुमच्याकडची गाडी दोन दिवस तिथेच होती, तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

सुलभाकाकू: ती गाडी बंद पडली होती, प्रशांत. ते तुलाही माहीत होतं.

विलासराव, सचिव: 🙏 🙏

मेधाताई: नंदिनी, पण ती रेघ एका बाजूची गेली आणि दुसऱ्या बाजूची राहिली, ते कशामुळे?

नंदिनी: ताई, फ्रेमची आतली कड कागद चारही बाजूंनी थोडा झाकते. आपल्या फ्रेमची मी मोजली, ६ मिलिमीटर आहे. त्यात कागद कापताना किंवा आत बसवताना मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडे तिकडे होतोच. आदित्यची रेघ कागदाच्या कडेपासून बरोबर ६ मिलिमीटरवर होती, म्हणून एका बाजूला बुडाली. आता बाहेरचा १ सेंटीमीटर पूर्ण मोकळा ठेवायचा. चित्राला लागून अर्धा सेंटीमीटर मोकळा. मधला १ सेंटीमीटर वेलीचा. एवढी जागा पुरते.

आदित्य: कुठली वेल? मी एवढी चांगली नक्षी शोधली होती.

नंदिनी: नक्षी वाईट नव्हती रे, या चित्राची नव्हती. त्या नक्षीची सगळी वळणं अगदी एकसारखी, यंत्रानं काढल्यासारखी. माझ्या चित्रातली रेघ हातानं ओढलेली, कुठे दाबलेली, कुठे सुटलेली. दोन्ही शेजारी आले की डोळा लगेच पकडतो. आपल्या गेटवरची वेल चित्रात आहेच, तीन-तीन पानांचे घोस असलेली. तीच बाहेर काढायची. चित्रातूनच वाढून ती चौकटीत आल्यासारखी वाटेल.

शरदकाका: वेल ठीक आहे. पण सोनेरी असावी.

नंदिनी: काका, तुमचा आग्रह कळतो, म्हणून नीट सांगते. स्क्रीनवर सोनं चमकतं ते पिवळ्या आणि तपकिरी छटा शेजारी ठेवल्यामुळे. साध्या प्रिंटमध्ये धातूची शाई नसते, त्यामुळे कागदावर ते मोहरीसारखं मळकट येतं. मेधाताईंच्या हातातल्या प्रिंटमध्ये तेच झालंय.

मेधाताई: हो शरदकाका, प्रत्यक्षात हळदीचा डाग पडल्यासारखं दिसतंय. येऊन बघा.

शरदकाका: बघतो. पण अगदी साधं नको करू. त्या माणसानं आयुष्य घातलंय इथे.

नंदिनी: साधं नाही करणार काका. शब्द आहे माझा.

*(साडेनऊ वाजता)*

आदित्य: नवीन फाइल केली. चित्र १६ बाय २०, बाहेर वेल. बघा आता.

मेधाताई: झारी आली! 👏

सुलभाकाकू: छान आहे, पण वेल चित्रापेक्षा जाड का दिसते? भरतकामात दोन पदरी धाग्याच्या फुलाला सहा पदरी किनार घातली की असंच होतं. फूल बिचारं मागे जातं.

नंदिनी: काकू, अगदी बरोबर पकडलंत! आदित्य, वेल कितीच्या ब्रशनं काढलीस?

आदित्य: ८ पिक्सेल. तुझ्या चित्रात तेवढाच आहे, फाइल उघडून बघितलं होतं.

नंदिनी: मूळ फाइलमध्ये ८ होता. पण मूळ चित्र २४०० पिक्सेल रुंद. ते १६ सेंटीमीटरमध्ये ३०० पीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलनं, बसवलं की १८९० पिक्सेल होतं. म्हणजे रेघाही त्याच प्रमाणात बारीक झाल्या, साधारण ६ पिक्सेल. कागदावर ती अर्धा मिलिमीटर. तुझी वेल चित्र लहान केल्यावर काढलेली, म्हणून ती ८ च राहिली. ब्रश ६ वर आण. आणि काळा रंग घेऊ नकोस, चित्रात काळा कुठेच नाही. झाडाच्या खोडाच्या सावलीतला गडद तपकिरी उचल.

आदित्य: एवढ्या २ पिक्सेलनी फरक पडतो?

सुलभाकाकू: पडला म्हणूनच तर दिसला मला.

प्रशांत: स्कूटर काढली. ग्रुपवर नोंद असावी.

शरदकाका: सोनेरीचा मुद्दा अजून राहिला आहे.

नंदिनी: काका, त्याच्यावरच येतेय. आदित्य, अजून एक गोष्ट, ही सहज नजरेतून सुटते. तू एक कोपरा काढून तो उलटवून चारही ठिकाणी लावलास ना?

आदित्य: हो. सगळे तसंच करतात.

नंदिनी: रेघांसाठी तसंच करावं, वेळ वाचतो. पण तू पानांना सावली दिल्यावर उलटवलंस. चित्रात ऊन डावीकडून येतंय, माळीकाकांची सावली उजवीकडे पडलीय. तुझ्या उजव्या कोपऱ्यांत पानांच्या सावल्या डावीकडे पडल्यात. आपण ओळखत नाही, पण चौकट वेगळ्या संध्याकाळची वाटते. आधी नुसत्या रेघा उलटव, सावल्या चारही कोपऱ्यांत नव्यानं भर, सगळ्या उजवीकडे.

मेधाताई: मी दहा वेळा बघितलं, मला काहीतरी खटकत होतं पण सांगता येत नव्हतं. हेच होतं!

नंदिनी: आणि मी तुला थरांसकट फाइल पाठवतेय. त्यात सगळ्यांत वर कागदाच्या खरखरीचा थर आहे. वेल त्याच्या खाली ठेव आणि तो थर पूर्ण कागदावर पसरव. आता चित्र खडबडीत आणि वेल गुळगुळीत आहे, म्हणून ती वरून चिकटवल्यासारखी दिसते.

आदित्य: आधीच ही फाइल दिली असतीस तर माझी एक रात्र वाचली असती.

नंदिनी: हे मात्र तुझं खरं आहे. चूक माझी.

विलासराव, सचिव: दोघांचेही आभार. प्रिंट शुक्रवारी सकाळी द्यायची आहे, याची आठवण असावी.

शरदकाका: सोनेरी?

नंदिनी: काका, ऐका. चित्रात माळीकाकांच्या पिवळ्या शर्टावर संध्याकाळचं ऊन पडलंय, तो चित्रातला सगळ्यांत उजळ रंग. तोच पिवळा घेऊन वेलीवर मोजकी फुलं देऊ, प्रत्येक कोपऱ्यात तीन. बाकी वेलीच्या रेघा तपकिरीच, पानांत पातळ हिरवा. म्हणजे नजर शर्टावर जाते, तिथून फुलांवर, आणि परत शर्टावर येते. फुलं शर्टापेक्षा किंचित फिकी ठेवायची, नाहीतर ती आधी दिसतात. डोळे अर्धे मिटून बघा. आधी कोपरा दिसला तर चौकट जड झाली. आधी माळीकाका दिसले तर जमलं.

शरदकाका: म्हणजे उन्हाचं सोनं. चालेल.

मेधाताई: 🥹

*(गुरुवार, सकाळी सव्वासात)*

आदित्य: शेवटची फाइल. ब्रश ६, सावल्या उजवीकडे, खरखर सगळीकडे, कोपऱ्यात तीन फुलं.

नंदिनी: सुंदर झालंय रे. आता पूर्ण प्रिंट आणायच्या आधी डावा खालचा चतकोर घरच्या प्रिंटरवर काढ. सेटिंगमध्ये Actual size निवड. Fit to page राहिलं तर प्रिंटर सगळंच थोडं लहान करतो आणि आपली मापं जुळत नाहीत. पट्टीनं चित्राची कड मोज, कागदाच्या काठापासून अडीच सेंटीमीटरवर आली पाहिजे.

आदित्य: मोजली. अडीच बरोबर. फ्रेमची कड त्यावर ठेवून बघितली, वेल पूर्ण दिसते.

सुलभाकाकू: मी आत्ता आदित्यकडे जाऊन तो तुकडा बघून आले. आता धागा जुळला.

मेधाताई: खालच्या मजकुरात "सोसायटीतर्फे" नको, "आपल्या सगळ्यांकडून" लिहा. आणि झारी?

आदित्य: झारी पूर्ण आहे ताई. तोटीतून पडणारं पाणीही.

शरदकाका: शुक्रवारी प्रिंट आणायला मी येतो आदित्यबरोबर. फुलांचा पिवळा मला स्वतः बघायचाय.