मदत हवी आहे: समुद्रातल्या खोल प्रवाहाचं टाकीतलं मॉडेल उलटं चालतंय

वर्गशिक्षिका_सिडको

आठवीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थर्मोहलाइन अभिसरण, म्हणजे थंडी आणि मिठामुळे जड झालेल्या पाण्याचा समुद्रातला खोल प्रवाह दाखवायचा आहे. काचेची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. त्यात २० सेंमी पाणी, म्हणजे साधारण ३६ लिटर. समुद्रासारखं व्हावं म्हणून लिटरला ३५ ग्रॅम हिशोबाने सव्वा किलो मीठ विरघळवलं. पाणी २८ अंशांवर आहे. निळा खाद्यरंग घालून गोठवलेले बर्फाचे खडे एका टोकाला सोडले. थंड पाणी तळाला जाऊन दुसऱ्या टोकाला सरकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निळं पाणी वरच तरंगतं आणि सायीसारखं पसरतं, खाली एक धारही जात नाही. तीनदा करून बघितलं. कुठे चुकतंय? मुलांना शुक्रवारी दाखवायचं आहे.

पंचवटीकर

पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं, त्याखाली परत हलकं होतं. बर्फाचं पाणी शून्याजवळचं, म्हणून तरंगतंय. बर्फाऐवजी फ्रीजमधलं ४ अंशाचं निळं पाणी सोडा, सरळ बुडेल.

खारं_गोडं

पंचवटीकर, ४ अंशांचा नियम गोड्या पाण्याचा. लिटरला साधारण २५ ग्रॅमच्या वर मीठ गेलं की तो टप्पाच उरत नाही. समुद्राचं पाणी उणे १.९ अंशाच्या आसपास गोठतं आणि तोवर जडच होत जातं. शिवाय शून्य आणि ४ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ०.१ ग्रॅमचा फरक असतो. तेवढ्याने इथे काही बिघडत नाही.

ताई, तुमची गडबड मिठात आहे. बर्फ गोड्या पाण्याचा आहे. एक लिटर गोडं पाणी ३० वरून ५ अंशांवर आणलंत तर ते सुमारे ४.३ ग्रॅमने जड होतं. उलट लिटरमागे एक ग्रॅम मीठ घातलं की पाणी सुमारे ०.७ ग्रॅमने जड होतं. म्हणजे नुसतं ६ ग्रॅम मीठ अख्ख्या बर्फाची कमाई खाऊन टाकतं, आणि तुमच्या टाकीत ३५ ग्रॅम आहे. वितळलेलं निळं पाणी लिटरला साधारण १००० ग्रॅमचं, टाकीतलं १०२० च्या आसपास. ते बुडणार कसं? फ्रीजमधलं ४ अंशांचं पाणीही असंच तरंगेल.

द्राक्षबाग_दिंडोरी

थोडं विषयांतर. आमच्या खताच्या टाकीत पोटॅश विरघळवून ओतलं की वरच्या पाण्याचा ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता, कमी दाखवतो आणि तळाचा जास्त. हे पण थंड-गरमाचंच का?

खारं_गोडं

नाही, तुमच्याकडे तापमानाचा संबंध नसल्यात जमा. खताचं द्रावण जड म्हणून तळाला बसतं. वरून काठीने ढवळून भागत नाही, परतीच्या पाण्याचा पाइप तळापर्यंत न्या. ईसी मोजताना नमुना तीन खोलींवरून घ्या.

ताई, आता उपाय. थंडी पाण्यात जाऊ दे, बर्फाचं पाणी जाऊ देऊ नका. सपाट तळाचा पातळ स्टीलचा डबा घ्या, त्यात बर्फ आणि थोडं पाणी भरा आणि लाकडी पट्टीला बांधून एका टोकाला असा टांगा की तो ४-५ सेंमी बुडेल. डब्यातल्या बर्फावर मीठ टाकू नका. टाकलंत तर डबा शून्याच्या खूप खाली जातो, बाहेरून बर्फ धरतो आणि तो थरच पुढची थंडी अडवतो.

रंग टाकीतल्याच खाऱ्या पाण्यात कालवा, नळाच्या पाण्यात नाही, नाहीतर रंगच तरंगेल. बाटलीतला घट्ट खाद्यरंगही थेट टाकू नका, तो स्वतःच्या वजनाने बुडतो आणि प्रयोग यशस्वी झाल्याचा भास होतो. खात्रीसाठी डब्यापासून लांब एक थेंब सोडून बघा. तोही बुडाला तर दोष रंगाचा.

मीठ खडे घ्या. आयोडीनच्या बारीक मिठातली गुठळ्या रोखणारी पावडर पाणी गढूळ करते. पाणी रात्रभर ठेवा, म्हणजे गाळ बसेल आणि बुडबुडेही जातील. मागे पांढरा कागद लावा. आणि वर्गातला पंखा बंद! वाऱ्याने वरचं पाणी ढकललं तर तो वेगळाच प्रवाह होतो.

आधीचा फसलेला प्रयोग टाकून देऊ नका. ग्रीनलंडच्या आसपास वितळलेलं गोडं पाणी पसरलं की नेमकं हेच होतं. सन १९६८ च्या सुमारास आर्क्टिककडून आलेलं कमी खारं पाणी लॅब्राडोर समुद्रावर पसरलं. हिवाळ्यात वरचं पाणी थंड होई, पण हलकंच राही, आणि तीनेक वर्षं तिथलं खोल बुडणं थांबलं. मग १९७१-७२ चा हिवाळा इतका कडक आला की ते पुन्हा सुरू झालं.

हे दाखवायचं तर खाऱ्या पाण्यावर स्पंज तरंगत ठेवून त्यावर पावणेदोन लिटर गोडं पाणी हळूहळू ओता. साधारण एक सेंमीचा थर बसेल. मग डबा जेमतेम अर्धा सेंमी बुडवा. जास्त बुडाला तर खालचं खारं पाणी थंड होऊन बुडतं आणि सगळं मुसळ केरात.

गंमत_म्हणून

अरबी समुद्र तर बंगालच्या उपसागरापेक्षा बराच खारट. मग तिथलं पाणी तळाला का जात नाही?

खारं_गोडं

खारट आहे, पण कोमट आहे. उत्तर भागात हिवाळ्यात क्षारता ३६.५ आणि तापमान २५ अंश धरा, लिटर भरतो सुमारे १०२४.५ ग्रॅम. तळाकडचं ३५ क्षारतेचं, २ अंशांचं पाणी १०२८ च्या आसपास. म्हणून ते पाणी हिवाळ्यात बुडतं खरं, पण वरच्या शंभरेक मीटरमध्येच अडकतं. मीठ आणि थंडी दोन्ही हवं, ते उत्तर अटलांटिकला जुळतं.

पंचवटीकर

४ अंशांचं मान्य. पण हा प्रवाह केवढा, ते मुलांना कसं सांगायचं?

खारं_गोडं

अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तरेला २००४ पासून सलग मोजमाप आहे. सरासरी सेकंदाला साधारण १७० लाख घनमीटर. गंगापूर धरण साडेपाच टीएमसीचं धरलं तर या वेगाने ते नऊ-दहा सेकंदांत भरेल.

वर्गशिक्षिका_सिडको

डब्याचा प्रयोग जमला! डब्याखालून निळी शेपटी सुटली, तळाला टेकून वळली आणि दोन-अडीच मिनिटांत पलीकडच्या काचेला लागली. पण अर्ध्या तासात तळाला पाच-सहा सेंमी निळा थर साचला आणि प्रवाह मंदावला. बर्फ शिल्लक होता.

पंचवटीकर

दुसऱ्या टोकाला तळाशी हीटर ठेवा, सुरू राहील.

खारं_गोडं

सुरू राहील, पण तो चहाच्या पातेल्यातला प्रवाह झाला. समुद्राला ऊन वरून लागतं. थंड पाणी तळाला साचत गेलं की पुढच्या थंड पाण्याला बुडायला जागा उरत नाही. ते वर यायला ढवळणारं कुणीतरी लागतं: भरती-ओहोटीने खडबडीत तळावर होणारी घुसळण आणि अंटार्क्टिकाभोवतीचे पश्चिमी वारे. दोघांचा वाटा किती, यावर संशोधकांत वाद आहे.

गंमत_म्हणून

मग गाडी थंडी-मीठ चालवतात की वारा? ‘थर्मोहलाइन’ हे नावच बदलावं लागेल.

खारं_गोडं

नाव राहू द्या. टाकीत मात्र पलीकडच्या टोकाला जाळीचा तुकडा मिनिटाला दोन-तीनदा हळूच वरखाली करून बघा. निळा थर वाढायचा थांबला तर मुलांनाच विचारा, ढकलतंय कोण.

वर्गशिक्षिका_सिडको

जाळी कुठल्या मापाची?