विषय: हातच्याची वजाबाकी आणि आधार

“शिक्षकाने मदत केली की मूल परावलंबी होते.” मदत टप्प्याटप्प्याने काढून घेतली नाही, तरच हे खरे ठरते. डिचोलीजवळच्या आमच्या मराठी शाळेत दुसरीतली एक मुलगी 52 − 27 चे उत्तर 35 लिहीत असे, कारण एककस्थानी 2 मधून 7 जात नाहीत म्हणून ती 7 मधून 2 वजा करी. तिच्यापुढे काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून “सात काड्या दे पाहू” एवढेच म्हटले, तेव्हा तिने आपणहून एक गठ्ठा सोडला, बारांतून सात दिल्या, मग दोन गठ्ठे दिले आणि उरलेल्या 25 मोजल्या. एकटीला न जमणारे, पण एवढ्याशा आधाराने जमणारे, तेच मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कींचे समीपस्थ विकासक्षेत्र. पुढे काड्यांऐवजी पाटीवर चित्र, नंतर “एककातून सात जातात का?” हा केवळ प्रश्न, आणि शेवटी 63 − 38 काहीही न सुचवता दिले. गठ्ठा सोडायचे ज्याला सुचवूनही कळत नाही, त्याच्यासाठी मात्र हे गणित अजून त्या क्षेत्राबाहेर आहे. तिथे आधार वाढवत न बसता दशक-एककाकडे परतावे.