धागा: रात्रीची धडधड, अंगातून वाफा आणि उगाच भीती. तुम्ही कसं ओळखलं?

धागाकर्ती, मानेवाडा: वय 48, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. रात्री अडीचच्या सुमारास दचकून जाग येते, छातीत धडधड, आणि काहीतरी वाईट होणार असं वाटून मी हॉस्टेलवरच्या लेकीला फोन लावायला उठते. मिनिटभरात मानेतून वाफ चढते, गाऊन भिजतो, मग कूलरसमोर कुडकुडते. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. हे हार्मोनचं की मनाचं?

महालची काकू: अवं बाई, मे महिन्यात नागपुरात वाफा कोणाला येत नाहीत? कूलरची खस बदला. आमच्या ह्यांनाही धडधड व्हायची, ॲसिडिटी निघाली.

प्रतापनगर: शंभर टक्के हार्मोन. एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी करून घ्या, आकडाच सांगेल.

निवृत्त सिस्टर, हृदयरोग वॉर्ड: नाही हो. पाळी संपत येताना एफएसएच आज वर, पुढच्या महिन्यात खाली. पंचेचाळिशीनंतर पाळी अशी बदलली की सहसा त्या आकड्याची गरज नसते. पण टीएसएच, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करा. थायरॉइड वाढलं तरी घाम आणि धडधड असते. अंगावरून जास्त जाऊन रक्त कमी झालं तरी धडधड होते.

भीती आधी आली म्हणून लगेच मनाचं समजू नका. वाफ चढायच्या काही क्षण आधी तसं वाटतं बऱ्याच जणींना. मी वही ठेवायला सांगते: मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. आधी काय आलं, घाम आला का, डोक्यात काय चाललं होतं, तेवढंच लिहा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी): अकरा नोंदी झाल्या. आठ रात्रीच्या, प्रत्येकीत घाम, ठोके 90 ते 100, पाच मिनिटांत शांत. दोन बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत, घामच नाही. "इथेच पडले तर" हा विचार आधी, आणि आता मी बर्डीला जाणंच टाळते. अकरावी वेगळी: कणीक मळताना एकदम 160, दहा मिनिटांनी बटन बंद केल्यासारखी थांबली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. 24 तास ईसीजी नोंदवणारं होल्टर मशीन लावलं, नेमकं त्या दिवशी काहीच झालं नाही.

सिस्टर: मग होल्टरने त्या अकरावीबद्दल काहीच सांगितलं नाही. पुन्हा आली तर ती चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. सोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा दम लागला तर वही सोडा, सरळ इमर्जन्सीत जा.

धरमपेठ: मला व्हेन्लाफॅक्सिन हे डिप्रेशनचं औषध दिलं, वाफा निम्म्यावर आल्या. सासूबाई म्हणतात, "म्हणजे मनाचंच होतं ना!"

सिस्टर: ते औषध वाफांवरही चालतं आणि भीतीवरही. गुण आला म्हणून कारण कळलं, असं होत नाही.

प्रतापनगर: माझा एफएसएच मात्र वाढलेलाच आला होता, सांगून ठेवते.

धागाकर्ती: बर्डीचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. गॅसजवळ मात्र आता घड्याळ ठेवलंय.