मदत हवी आहे: उंचीच्या .hgt फाइलमधून पुण्याची उंची १२ हजार मीटर येते आहे

घाटवाटा

नमस्कार मंडळी. ट्रेकच्या वाटांचा चढ-उतार काढायला घरगुती प्रोग्राम लिहितो आहे. त्यासाठी नासाच्या एसआरटीएम मोहिमेतला उंचीचा डेटा उतरवून घेतला. माझा तुकडा `N18E073.hgt`, म्हणजे १८ ते १९ उत्तर आणि ७३ ते ७४ पूर्व. पुणे, सिंहगड, राजगड, तोरणा, रायगड सगळं यातच येतं. फाइल बरोबर २,५९,३४,४०२ बाइटची आहे. ३६०१ गुणिले ३६०१ ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, हिशोब चोख जुळतो. तेव्हा फाइल अर्धवट उतरलेली नाही.

डेक्कनच्या आसपासचे चार ठिपके वाचले:

```python
import numpy as np
a = np.fromfile("N18E073.hgt", dtype=np.int16).reshape(3601, 3601)
print(a[1728, 3060:3064])
# [12290 12546 13058 12802]
```

पुणे ५६० मीटरच्या आसपास असायला हवं. आधी वाटलं की एकक वेगळं असेल, पण कशानेही भागलं तरी जमत नाही, कारण काही ठिकाणी उणे सतरा हजार येतं आहे. चित्र काढलं तर टीव्हीला मुंग्या आल्यासारखं दिसतं, तरी त्यात नद्या आणि डोंगररांगा अंधुक ओळखू येतात. सगळंच उलट-सुलट झालंय. कोणी जाणकार सांगेल का?

नकाशाप्रेमी

उलटं दिसतंय कारण या फाइलची पहिली ओळ उत्तरेची असते, दक्षिणेची नाही. `a[0]` म्हणजे १९ अक्षांश. तुम्ही खालून वर मोजत असाल तर पुण्याऐवजी भलतीकडचा ठिपका वाचाल. `np.flipud` करून बघा.

घाटवाटा

@नकाशाप्रेमी, नकाशा उलटा नाहीये हो, आकडे उलटे आहेत. ओळी वरूनच मोजल्यात: १९ वजा १८.५२ गुणिले ३६०० म्हणजे १७२८. आणि ठिपका थोडा चुकला तरी महाराष्ट्रात १२ हजार मीटर कुठे मिळणार?

प्रथम_पुरुष

एंडियनचा घोळ आहे. एका दोन-बाइटी आकड्यातला मोठा बाइट आधी लिहायचा की लहान, यावर दोन पंथ आहेत. तुमचा लॅपटॉप लहान आधी धरतो. एवढी एक ओळ टाका, विषय संपला:

```python
a = a.byteswap()
```

घाटवाटा

तेच वाटलं होतं, म्हणून फाइल उघडूनही पाहिली. पण `hexdump` तर वेगळंच सांगतोय:

```
$ hexdump -s 12451176 -n 8 N18E073.hgt
0bdfd68 3002 3102 3302 3202
```

`3002` म्हणजे दशमानात १२२९०. माझ्या प्रोग्रामने वाचलं तेच फाइलमध्ये आहे. मग फाइलच बिघडलेली म्हणायची का?

रेवातीर

फाइल ठणठणीत आहे. `hexdump` तुम्हाला फाइल दाखवत नाहीये, तुमच्या लॅपटॉपने वाचलेली फाइल दाखवतोय. नुसता `hexdump` दिला की तो दोन-दोन बाइट उचलतो, त्यांचा मशीनच्या पद्धतीने आकडा करतो आणि तो छापतो. म्हणजे ज्या चष्म्यातून प्रोग्रामने पाहिलं त्याच चष्म्यातून पडताळणी झाली, मग दोन्ही जुळणारच. `od -x` चीही हीच खोड आहे. बाइट जसे पडलेत तसे पाहायचे तर `-C` द्या:

```
$ hexdump -C -s 12451176 -n 8 N18E073.hgt
00bdfd68  02 30 02 31 02 33 02 32
```

तुमचे चार आकडे पाहता हेच दिसेल. आता डावीकडून वाचा. `02 30` म्हणजे २ गुणिले २५६ अधिक ४८, बरोबर ५६०. पुढचे ५६१, ५६३, ५६२. हे पुणे.

एसआरटीएमच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की आकडे चिन्हासह १६ बिटी आणि मोटोरोला पद्धतीचे, म्हणजे बिग-एंडियन आहेत. इंटेलच्या मशीनवर वाचताना बाइटांची अदलाबदल वाचणाऱ्याने करायची. या फाइलला मथळाच नसतो, पहिल्या बाइटपासून थेट उंची सुरू. त्यामुळे क्रम कोणता हे फाइलला विचारून कळत नाही, ते आधीच माहीत असावं लागतं. टिफचं तसं नाही. तिथे पहिले दोन बाइट `II` असले की लिटल, `MM` असले की बिग.

मुंग्या का दिसतात तेही सांगते. ५६० आणि ५६१ मध्ये फरक एका मीटरचा, पण बाइट उलटले की तो २५६ होतो, कारण शेवटचा बाइट आता पुढे जाऊन बसला. ६३९ चा होतो ३२५१४, आणि लगेच पुढच्या ६४० चा होतो उणे ३२७६६. एका पावलात आभाळातून पाताळात. नद्या ओळखू येतात कारण सारख्या उंचीचे आकडे उलटूनही सारखेच राहतात, त्यामुळे सारख्या उंचीच्या रेघांचा आकार टिकून राहतो. आणि खाडीचं पाणी शून्य असेल तर ते उलटलं तरी शून्यच राहतं.

आता प्रथम_पुरुषांच्या `byteswap` बद्दल. आकडे सुधारतील हे खरं, पण मी तसं लिहिणार नाही. ते "आहे ते उलटव" असं सांगतं, "फाइल अशी आहे" असं सांगत नाही. तीच ओळ चुकून दोनदा चालली की परत मूळपदावर. बिग-एंडियन मशीनवर चालवली तर बरोबर वाचलेलं बिघडवेल. त्यापेक्षा वाचतानाच फाइलचा क्रम सांगा:

```python
a = np.fromfile("N18E073.hgt", dtype=">i2").reshape(3601, 3601)
```

त्या `>` चा अर्थ मोठा बाइट आधी. मशीन कोणतंही असो, निकाल तोच.

प्रथम_पुरुष

मान्य, पण आजकाल बिग-एंडियन मशीन घरी कोणाकडे असतं? उगाच कीस काढताय. आणि सी मध्ये लिहायचं असेल तर नेटवर्कवाल्यांचं `ntohs` आहेच. आयपी, टीसीपीच्या हेडरमधले आकडे बिग-एंडियनच असतात, तोच नियम इथे लावा.

रेवातीर

घरी नसेल, पण दोनदा उलटण्याचा धोका घरोघरी आहे. `ntohs` चालेल, आणि ते बिग-एंडियन मशीनवर काहीच करत नाही, म्हणजे `byteswap` पेक्षा शहाणं आहे. फक्त त्यातून येणारा आकडा बिनचिन्हाचा असतो. तो थेट `int` मध्ये ठेवला तर समुद्रसपाटीखालचा उणे १ होईल ६५५३५, आणि "इथे डेटा नाही" अशी खूण असलेला उणे ३२७६८ होईल अधिक ३२७६८. मी सरळ बाइटांवरून आकडा बांधते, म्हणजे मशीनचा प्रश्नच उरत नाही:

```c
unsigned char b[2];
fread(b, 1, 2, f);
int16_t h = (int16_t)((b[0] << 8) | b[1]);
```

घाटवाटा

`>i2` ने काम झालं! पुणे ५६० आलं, तोरण्याचा माथा १४०३ च्या जरा खाली येतोय.

आता एक गंमत. आधीच्या चुकीच्या वाचनात मी `-32768` असलेले ठिपके लाल रंगवले होते, डेटा नाही म्हणून. कोकणाच्या बाजूला ते लाल ठिपके डोंगराच्या पायथ्याने वेड्यावाकड्या रेघेत जात होते. आता वाचलं तर तिथे एकही लाल ठिपका नाही. हे कसं?

रेवातीर

वा, हे छान टिपलंत. उणे ३२७६८ चे बाइट `80 00`. ते उलटले की `00 80`, म्हणजे १२८. आणि याच्या उलटही खरं: खऱ्या १२८ मीटर उंचीचे बाइट `00 80`, ते उलटे वाचले की उणे ३२७६८. तुमची लाल रेघ म्हणजे १२८ मीटरची समोच्च रेषा होती! चुकीच्या क्रमाने वाचूनही तुम्ही नकळत कंटूर काढलात.

हे गमतीचं असलं तरी घातकही आहे. फाइलमध्ये खरोखर रिकाम्या जागा असतील तर उलट्या वाचनात त्या १२८ मीटर होऊन बसतात, आणि १२८ हा आकडा कोकणात कुणालाच खटकणार नाही. बाकीचे आकडे बेताल असतात म्हणून चूक पकडली जाते, हा मात्र गप बसतो. तुमच्या फाइलमध्ये रिकामे ठिपके नाहीत कारण तिसऱ्या आवृत्तीत अशा जागा बहुतेक दुसऱ्या स्रोतांवरून भरून दिल्या आहेत. जुन्या आवृत्तीचा तुकडा घेतलात तर सह्याद्रीच्या कड्यांपाशी त्या भेटू शकतात. म्हणून `-32768` ची गाळणी क्रम सुधारल्यानंतर लावा, आधी नको.

तोरण्याचं म्हणाल तर तो एंडियनचा दोष नाही. ठिपक्यांमधलं अंतर सुमारे ३० मीटर. निमुळता माथा त्यात थोडा बुटका होतोच.

मीटरवाला_अण्णा

धागा योग्य वेळी सापडला. माझं दुखणं थोडं वेगळं. कारखान्यात विजेचा मीटर मॉडबस टीसीपीवर, ५०२ पोर्टला जोडलाय. व्होल्टेज ३२ बिटी फ्लोट आहे, दोन रजिस्टरमध्ये विभागून येतं. मीटरच्या पडद्यावर २३०, आणि माझ्याकडे `2.4178e-41`. सगळे बाइट उलटवून पाहिले तरी भलतंच येतं. हेही बिग-लिटलच ना?

रेवातीर

अण्णा, थोडं हेच आणि थोडं वेगळं. रजिस्टर काय येतात तेवढं सांगा.

मीटरवाला_अण्णा

पहिलं `0000`, दुसरं `4366`.

रेवातीर

२३० चा फ्लोट म्हणजे `43 66 00 00`. तुमच्याकडे `00 00 43 66` येतंय. प्रत्येक रजिस्टरच्या आतला क्रम बरोबर आहे, बिग-एंडियन, मॉडबसचा नियमच तो. पण ३२ बिटी आकडा दोन रजिस्टरमध्ये मांडताना कोणता अर्धा आधी, हे मॉडबस ठरवत नाही, ते मीटर बनवणाऱ्याच्या मर्जीवर. तुमच्याने खालचा अर्धा आधी ठेवलाय. चारही बाइट उलटवले तर `66 43 00 00` होतं, तेही चूक. बाइटांना हात लावू नका, फक्त दोन रजिस्टरांची जागा बदला.

```python
import struct
v = struct.unpack(">f", struct.pack(">HH", r[1], r[0]))[0]
```

मीटरवाला_अण्णा

२३०.० आलं! पण याच मीटरचं एकूण युनिटचं वाचन ६४ बिटी पूर्णांक आहे, चार रजिस्टर. तिथेही चारांचा क्रम पूर्ण उलटा धरायचा, की जोडीजोडीने?

प्रथम_पुरुष

पूर्ण उलटा. एक नियम सगळीकडे.

रेवातीर

असं छातीठोक नको. मी दोन्ही प्रकारचे मीटर पाहिलेत, एकाच उपकरणात फ्लोट एका क्रमाने आणि काउंटर दुसऱ्या क्रमाने असलेलेही. अण्णा, पडद्यावरचं युनिट लिहून घ्या आणि त्याच क्षणी चारही रजिस्टर वाचा. आकडा ६५,५३५ च्या आत असेल तर एकाच रजिस्टरमध्ये मजकूर आणि बाकी तीन शून्य दिसतील. त्यावरून सर्वांत खालचं रजिस्टर कुठे बसलंय तेवढं कळेल, मधल्या दोघांचा क्रम कळणार नाही. त्यासाठी मोठा आकडा झालेला मीटर लागेल. इथे टाका, बघू.

मीटरवाला_अण्णा

मीटर नवा आहे, सध्या ४ हजारांच्या आतच आहे. शेजारच्या शेडमधल्या जुन्या मीटरचं मॉडेल तेच आहे, उद्या त्याचे रजिस्टर आणून टाकतो.