बँकेतून निवृत्त होताना सहकाऱ्यांना निरोप कसा लिहिलात?

सुमेधा: बाबा या 31 तारखेला बँकेतून निवृत्त होतायत, हेड कॅशियर म्हणून. शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला त्यांनी निरोप लिहिलाय, तो दीड पानाचा झालाय. सुरुवात, ‘प्रदीर्घ सेवेनंतर मन भरून येत आहे. वरिष्ठांचे मार्गदर्शन व सहकाऱ्यांचे सहकार्य लाभले...’ मग सगळ्या बदल्या, शेवटी ‘कळत-नकळत मन दुखावले असल्यास क्षमस्व’. बाबा असं बोलतच नाहीत. तुमचे अनुभव सांगा.

जुना लेजरवाला: मी क्लार्क म्हणूनच निवृत्त झालो. नंतर बऱ्याच जणांचे निरोप दुरुस्त करून दिले. कागद बाजूला ठेवून मी एकच विचारतो, रोकड जुळत नव्हती त्या संध्याकाळी तुमच्याबरोबर कोण थांबलं? एका बाईंना हे विचारलं आणि 2016 चा नोव्हेंबर निघाला. पाचशे-हजारच्या जुन्या नोटा मोजता मोजता रात्र व्हायची, आणि शिपाईकाका सगळ्यांचे डबे गरम करून आणायचे. लिहिलेल्या कागदावर यातलं काहीच नव्हतं, नुसतं ‘सहकार्य’ होतं. त्या शब्दाच्या जागी काका आले. शेवटी निरोप एवढाच झाला:

‘मंडळी, उद्यापासून दोन नंबरच्या काउंटरवर मी नसेन. नोटाबंदीत काकांनी गरम करून दिलेले डबे विसरणार नाही. कोअर बँकिंग आलं तेव्हा माझी लेजरची सवय सुटत नव्हती, मेघनाने तीच एंट्री रोज न कंटाळता दाखवली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला आजी-आजोबा येतील, त्यांना आधी खुर्ची द्या. मी गावातच आहे, चहाला या.’

बदल्यांची यादी गेली. ती सर्व्हिस रेकॉर्डला असतेच. किश्शात खातेदाराचं नाव किंवा रक्कम मात्र अजिबात नको.

नाशिककर: नावं घ्यायची तर सगळ्यांची घ्या. सासऱ्यांच्या निरोपात दफ्तरींचं नाव राहिलं, ते समारंभाला आलेच नाहीत.

जुना लेजरवाला: राग येतो, खरंय. पण नुसती नावं लिहिली की हजेरीपट होतो. ज्याचं नाव घ्याल त्याने केलेलं एक काम लिहा, बाकीच्यांना जाऊन भेटा.

विजया_को: निरोपाचं नंतर बघा हो, आधी ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे कागद पूर्ण करा. माझ्या मिस्टरांचे महिनोन्महिने अडकले होते.

सुमेधा: ते झालंय, काकू. बाबांना रोकडीचं विचारलं. शंभराच्या एका पाकिटात एक नोट कमी निघाली होती, तेव्हा त्यांच्याबरोबर नवीन लागलेला मुलगा सगळी पाकिटं पुन्हा मोजत बसला होता. आता सुरुवात त्याच्यापासून करतोय. क्षमेची ओळ मात्र बाबा काढू देत नाहीत.

नाशिककर: राहू दे की. त्या पिढीला त्याशिवाय निरोप पुरा वाटत नाही.

जुना लेजरवाला: मला ती ओळ कोरडी वाटते. खरंच कोणाशी खटका उडाला असेल तर ग्रुपवर लिहिण्यापेक्षा त्याला फोन करावा. पण निरोप त्यांचा आहे, त्यांनाच ठरवू दे.