'अवियोजन' हा शब्द दिशाभूल करतो का?

मृणाल
एका लेखाचं मराठी करतेय. नॉन-डिस्जंक्शनसाठी 'अवियोजन' लिहिलं, म्हणजे गुणसूत्रांची जोडी सुटी न होणं. पण पुढे मूळ लेखक म्हणतो की बाईचं वय वाढतं तसं जोडीला धरून ठेवणारं बंधन सैल होतं. बंधन सैल झालं तर जोडी सुटेल, अडकेल कशी? शब्द चुकला की माझी समज?

केदार
मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे चाळिशीतलं बीजही चाळीस वर्षांचंच. जुनी बिजागरी गंजून बसते तशी जोडी बसते. 'अवियोजन' बरोबर आहे.

सुमेधा
केदार, वयाचं म्हणणं अगदी खरं, गंजाचं मात्र उलटं आहे. मी चौदा वर्षं टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत बीजं हाताळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकवीस नंबरचं गुणसूत्र घ्या. बीजात एक आजीकडून आलेलं, एक आजोबांकडून. दोन्हींची आधीच एकेक नक्कल झालेली असते, म्हणून एकूण चार धागे. या धाग्यांभोवती कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी असतात, बांगड्यांसारखी. जोडीने आपसांत तुकड्यांची अदलाबदल केलेली असते, त्यामुळे याच बांगड्या अख्खी जोडीही एकत्र धरतात. हे सगळं जन्माआधी होतं आणि विभाजन तिथेच थांबतं. पुढे बीज पिकायची वेळ येईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षं किंवा चाळीस वर्षं, त्याच बांगड्यांनी धरून ठेवायचं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की या काळात नव्या बांगड्या भरल्या जात नाहीत. वयाबरोबर त्या एकेक करून निखळत जातात.

बीज फुटायच्या सुमारास विभाजन पुन्हा सुरू होतं. दोन्ही बाजूंचे तंतू जोडीला ओढतात आणि जोडी धरून असल्यामुळेच ताण बसतो. त्या ताणावरून बीजाला कळतं की एक इकडे, एक तिकडे नीट लागलंय. मग एक बीजात राहतं, दुसरं पोलर बॉडीत जातं. सूक्ष्मदर्शकाखाली ती बीजाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली दिसते. शुक्रजंतू आत आल्यावर दुसरी वाटणी होते, उरलेल्या दोन धाग्यांतला एक बाहेर जातो.

बांगड्या कमी झाल्या की जोडी वेळेआधी सुटते. सुटं गुणसूत्र कुठल्याही बाजूला जाऊ शकतं. दोन्ही आत राहिली तर शेवटी बीजात एकवीसचे दोन धागे, वडिलांचा एक, एकूण तीन: डाऊन सिंड्रोम. दोन्ही बाहेर गेली तर फक्त वडिलांचा एक, आणि तो गर्भ वाढत नाही.

मृणाल
म्हणजे शेवटी दोन्ही एकाच बाजूला सापडतात, पण त्याआधी ती सुटलेली असतात!

सुमेधा
बऱ्याचदा हेच. 'अवियोजन' हे निकालाचं नाव आहे, कारणाचं नाही. १९१६ मध्ये ब्रिजेसने फळमाशीवरच्या कामात हा शब्द वापरला तेव्हा कोहेसिन कोणाला ठाऊक नव्हतं. खरोखर अडकून राहिलेल्या जोड्याही असतात, तेव्हा शब्द खोटा नाही. शिवाय सगळा दोष बांगड्यांचाच नाही. माणसाच्या बीजात ते ओढणारे तंतू जुळायलाच तासन् तास लागतात आणि मध्येच डळमळतात.

अण्णा
वियोग म्हणजे ताटातूट. मग अवियोजन हा शब्द चांगल्या अर्थाचा वाटतो. आणि वडिलांचं वय का धरत नाही?

सुमेधा
अण्णा, डाऊनच्या बाबतीत पेनरोज यांनी १९३३ मध्येच आई-वडिलांच्या वयाचा परिणाम वेगळा काढून दाखवला होता: आईचं वय महत्त्वाचं. शुक्रजंतू सतत नवे बनतात, त्यांना इतकी वर्षं थांबावं लागत नाही. पंचविशीत साधारण १२५० जन्मांत एक डाऊनचं बाळ, चाळिशीत सुमारे १०० त एक.

वैशाली
मी ४१ वर्षांची. नवव्या आठवड्यात गर्भ गेला. तपासणीत सोळा नंबरची तीन गुणसूत्रं निघाली. घरात म्हणतात, गाडीने गावाला गेले म्हणून झालं.

सुमेधा
वैशालीताई, नाही हो. सोळाची तीन असणं गर्भपातात फार दिसतं, आणि ती चूक जवळजवळ नेहमी आईच्या बीजातल्या पहिल्या वाटणीतली असते. म्हणजे दिवस राहायच्या आधीच ती झालेली होती. गाडीचा काही संबंध नाही. घरच्यांना हे वाचायला द्या.

केदार
बिजागरी मागे घेतो. पण मग मराठीत काय लिहायचं? 'अकाली वियोजन' सगळ्या प्रकारांना लागू होणार नाही.

मृणाल
मी मथळ्यात 'गुणसूत्रांची चुकलेली वाटणी' लिहितेय. कारण सांगताना 'अकाली सुटणं'.

अण्णा
वाटणी जमिनीची असते. पण कळतं.

केदार
परीक्षेत मुलांना 'अवियोजन'च विचारतील, तेव्हा तो शब्द एकदा तरी येऊ दे.