गाडी विकली, पण आरसीवर नाव आपलंच राहिलं: तुमचे अनुभव सांगा

मृण्मयी_नाशिक
काल माळा आवरताना बाबांच्या आल्टोची दुसरी किल्ली सापडली. पितळी गणपतीची कीचेन, त्यावर अजून आईच्या हातचा कुंकवाचा ठिपका. हातात घेतली आणि पोटात गोळाच आला.

ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही ती गाडी एका एजंटला विकली. त्याने आरसीवरचं नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर बाबांच्या सह्या घेतल्या. घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं कोरं. "गिऱ्हाईक मिळालं की भरतो काका, पंधरा दिवसांत नाव चढेल." बाबांनी विश्वास ठेवला, मूळ आरसीही दिली.

पुढे सोलापूरकडून चलनं यायला लागली. बाबा एजंटला फोन करायचे, तो "करतो करतो" म्हणायचा. फेब्रुवारी २०२० ला विमा संपला, तो कोणीच भरला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या गाडीने एका सायकलवाल्या मुलाला उडवलं, मांडीचं हाड मोडलं. न्यायाधिकरणाची नोटीस आली त्यात प्रतिवादी क्रमांक एक, आमचे बाबा. ज्या गाडीला त्यांनी दोन वर्षं हातही लावला नव्हता!

निकालात चालक आणि मालक दोघांनी मिळून भरपाई द्यायची ठरलं. चालकाकडे काही नव्हतं. बाबांच्या एफडीतून २,४०,००० गेले. त्या मुलाला पैसे मिळाले याचं वाईट नाही वाटत, त्याचा पाय गेला असता. राग आहे तो त्या कोऱ्या सह्यांचा. तुमच्याकडे असं काही झालंय का?

सागर७७
ताई वाचून वाईट वाटलं. पण नोटरी केली नव्हती का? मी दोन बाईक विकल्या, दोन्ही वेळा ५०० च्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की आजपासून सगळी जबाबदारी घेणाऱ्याची. मग आपला संबंध संपतो.

वकीलकाका_सातारा
सागर, इथेच लोक फसतात. मी बरीच वर्षं अपघात दाव्यांचंच काम करतो. तुझा कागद तुझ्यात आणि घेणाऱ्यात खरा. ज्याला गाडीने धडक दिली तो त्या करारात कुठे होता? मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी २००७ ला विकली, पुढे हातोहात फिरली, अपघात २००९ ला झाला आणि जबाबदार धरला तो आरसीवरचा पहिला माणूस. जखमी माणसाने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरायचं का, असा कोर्टाचा विचार.

पण कागद निरुपयोगी नाही. पोलिसांनी "त्या दिवशी गाडी कोणाकडे होती" विचारलं तर दाखवायला तोच लागतो. आणि मृण्मयी, भरलेले पैसे एजंटकडून वसूल करायला दिवाणी दावा लावता येतो, त्यालाही तोच लागेल. डिलिव्हरीची काही पावती आहे का?

मृण्मयी_नाशिक
आहे काका. एजंटच्या लेटरहेडवर, तारीख आणि वेळेसकट. तेवढंच एक शहाणपण आईने केलं होतं. दावा लावलाय, तारखा चालू आहेत.

पल्लवी_चिंचवड
आईला सलाम 🙏 आमच्याकडेही कागद जपायचं खातं आईकडेच. तिने गॅसचं १९९४ चं कार्डसुद्धा ठेवलंय.

माझं छोटंसं. स्विफ्ट विकली, फास्टॅग काचेवर तसाच राहिला. चार दिवसांनी भाकरी थापत होते आणि खेड शिवापूरच्या टोलचा मेसेज! नवऱ्याला वाटलं मी कुठे निघाले. विकायच्या दिवशीच बँकेकडून टॅग बंद करून घ्या.

निनाद
मला सांगा, वडील मार्चमध्ये गेले, स्कूटर त्यांच्या नावावर आहे. त्याला पण २९-३० लागतो का?

वकीलकाका_सातारा
नाही रे, ते विकणं नाही. वारसाला फॉर्म ३१. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज. उशीर झाला असेल तरी आता लगेच कर. सांभाळ.

हर्षद_पणजी
मी गाडी बेळगावच्या माणसाला दिली. आरटीओची एनओसी काढली, फॉर्म २८, आणि निवांत झालो. आठ महिन्यांनी चलन माझ्याच नावावर. तेव्हा कळलं की एनओसी म्हणजे फक्त 'तिकडे नोंदवायला हरकत नाही'. तिकडच्या आरटीओत नोंद होईपर्यंत नाव आपलंच. त्याच्या घरी जाऊन बसलो तेव्हा त्याने कागद भरले.

मेधा_ठाणे
मग करायचं तरी काय? सगळे भीती घालताय, उपाय कोणी सांगत नाही. डबे भरायचेत, थोडक्यात सांगा.

वकीलकाका_सातारा
मेधाताई, मी स्वतःची गाडी विकली तेव्हा काय केलं ते सांगतो.

फॉर्म २९ हा विकणाऱ्याने आरटीओला कळवायचा फॉर्म आहे, घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचा नाही. राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात असेल तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही केली नाही. आधारची प्रत घेतली, ओडोमीटरचा आणि त्याचा गाडीसोबत फोटो काढला. parivahan.gov.in वर अर्ज त्याच्या समोर बसून भरला, ओटीपी तिथेच दिला आणि काही रक्कम नाव चढेपर्यंत अडकवून ठेवली. आरटीओत दिलेल्या प्रतीवर पोच घेतली. फॉर्म २९ ची पोच दिली म्हणजे नाव निघालं असं नाही, पण आपण कळवलं याचा पुरावा राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नाव बदलेपर्यंत विमा संपू देऊ नका. विक्रीच्या दिवशी पॉलिसी चालू असेल तर तिऱ्हाइताच्या दाव्यापुरती ती गाडीबरोबर जाते. संपली आणि घेणारा भरत नसेल तर स्वतः थर्ड पार्टी भरा. हजार सीसीच्या आतल्या खाजगी कारला २०२२ च्या दराने वर्षाला २,०९४ रुपये अधिक जीएसटी. मृण्मयीच्या बाबांनी ते भरले असते तर भरपाई विमा कंपनीने दिली असती.

मृण्मयी_नाशिक
हे वाचून हात थरथरले काका. दोन हजार. फक्त दोन हजार.

सागर७७
माफ करा ताई, मी उगाच शहाणपणा केला. माझी एक बाईक कोणाच्या नावावर आहे ते आत्ताच mParivahan वर बघितलं. माझ्याच. २०२२ ला विकली होती. विमाही संपलाय.

पल्लवी_चिंचवड
बापरे. दादा, आजच विमा काढ. मग त्याला शोध.

रोहन_डोंबिवली
एक्स्चेंजमध्ये शोरूमला दिली तर? मला वाटलं तिथे हा प्रश्नच नाही.

वकीलकाका_सातारा
डीलर आरटीओकडे अधिकृत आहे का ते आधी विचार. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी पोर्टलवर भरायचा, मग ती विकेपर्यंत जबाबदारी त्याची. पोचक्रमांक जपून ठेव. बोर्ड मोठा आहे म्हणजे अधिकृत असं समजू नको.

सागर७७
काका, बाईक घेणाऱ्याचा नंबर बंद आहे. पत्ता जुना, भाड्याच्या खोलीचा. स्टॅम्पची प्रत आहे. आरटीओत गेलो तर "घेणाऱ्याला घेऊन या" म्हणतील ना?

वकीलकाका_सातारा
म्हणतील. तरी फॉर्म २९ आणि लेखी अर्ज घेऊन जा. तोंडी नकार दिला तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठव, पावती ठेव. गाडीवर पुढचा व्यवहार थांबवण्याची विनंतीही त्यात लिही. ती मान्य होईल का ते तिथल्या अधिकाऱ्यावर आहे, त्याची हमी मी देत नाही.

मेधा_ठाणे
सागर, विमा काढलास का?

सागर७७
भरतोय ताई. इंजिन नंबर मागतोय, जुन्या आरसीची झेरॉक्स शोधतोय.